चहाच्या दुकानावर पाटी कोणाची?

फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याने नावारूपाला आणलेले नाव, त्याची पाककृती आणि दुकान चालवण्याची पद्धत ठरावीक मुदतीसाठी वापरण्याचा परवाना. जागा, भांडवल, नोकर आणि झालाच तर तोटा, हे सगळे परवाना घेणाऱ्याचे. नाव मात्र देणाऱ्या कंपनीचे. स्वतःचा ब्रँड उभा करणाऱ्याच्या वाट्यालाही तोटा येऊ शकतो, पण पाटीवरचे नाव त्याचेच राहते. या दोहोंत निवड कशी करावी, हे चहाच्या दुकानाच्या उदाहरणावरून नीट कळते. चहाचा हिशोब कपावर मांडता येतो, आणि महाराष्ट्रात या धंद्यात दोन्ही प्रकारची दुकाने एकाच रस्त्यावर समोरासमोर दिसतात.

पुण्यातली जुनी अमृततुल्ये राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी गेल्या शतकात थाटली. पितळी पातेले, वेलदोडा आणि सुंठ, ओट्यावर बसून स्वतः चहा करणारा मालक, आणि पाटीवर बहुधा एखाद्या देवाचे नाव. दुकान एका कुटुंबाचे आणि गिऱ्हाईक त्या आळीचे, एवढाच तो व्याप होता. आताच्या साखळी ब्रँडांनी तोच चहा उभ्याने पिण्याच्या काउंटरवर आणला, मसाला आणि पावडर एका ठिकाणी तयार करून सगळीकडे पाठवायला सुरुवात केली आणि गावोगावी परवाने विकले. त्यामुळे तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ गाळा मिळालेल्या माणसाला हा प्रश्न पडतो: तीन-चार लाख भरून तयार नाव घ्यावे, की स्वतःच्या नावाने पातेले चढवावे?

पुढील आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे भाव घालून तो पुन्हा मांडावा. एका कपाला कर सोडून १२ रुपये मिळतात असे धरू. स्वतःच्या दुकानात कपाला सुमारे ५० मिलिलिटर दूध लागते, म्हणजे ६० रुपये लिटरच्या भावाने ३ रुपये. पावडर, साखर, आले-वेलदोडा, कागदी कप आणि गॅस धरून कपाचा एकूण खर्च ५ रुपये ४० पैसे होतो. कपामागे ६ रुपये ६० पैसे उरतात. गाळ्याचे भाडे २०,००० रुपये, नोकरांचे पगार ३६,००० आणि वीज, पाणी, दुरुस्ती, भांड्यांची झीज मिळून १०,००० धरले, तर महिन्याचा बांधील खर्च ६६,००० रुपये. तो भरून निघायला महिन्याला १०,००० कप, म्हणजे दिवसाला ३३३ कप विकावे लागतात.

आता तेच दुकान फ्रँचायझीचे. मसाला-पावडरीचे मिश्रण कंपनीकडूनच घ्यायचे असल्याने कपाचा खर्च ६ रुपये २० पैशांवर जातो. विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी असेल तर कपामागे ६० पैसे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ७१ पैसे जातात. उरले ५ रुपये ९ पैसे. शिवाय पाच वर्षांच्या परवान्याचे ३ लाख रुपये आणि त्यावरचा ५४,००० रुपये जीएसटी सुरुवातीलाच भरावा लागतो. कंपनीच्या पसंतीच्या सजावटीला साध्या दुकानापेक्षा २ लाख जास्त लागले, तर ही सगळी रक्कम साठ महिन्यांवर वाटल्यावर महिन्याला सुमारे ९,२०० रुपये पडतात. बांधील खर्च ७५,२०० होतो आणि तो भरून काढायला दिवसाला ४९२ कप लागतात.

जीएसटीचा मुद्दा इथे अनेकांच्या नजरेतून सुटतो. चहाचे दुकान कराच्या दृष्टीने उपाहारगृहाच्या सदरात येते. त्यावर ५ टक्के दर असतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे रॉयल्टीवरचे आणि प्रवेश शुल्कावरचे १८ टक्के पुढे कुठेही वळते होत नाहीत. तो निव्वळ खर्च असतो. कंपनीच्या पत्रकात शुल्क 'अधिक कर' असे बारीक अक्षरात छापलेले असते, ते याच कारणाने मोठ्या अक्षरात वाचावे लागते. दुसरीकडे, वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत राहिली तर स्वतःच्या दुकानाला जीएसटी नोंदणीची सक्तीही सहसा नसते. दिवसाला ३३३ कप विकणाऱ्या दुकानाची उलाढाल साडेचौदा लाखांच्या आत राहते.

मालकाला महिन्याला ३०,००० रुपये सुटायचे असतील, तर वरच्या आकड्यांप्रमाणे स्वतःच्या दुकानात दिवसाला ४८५ आणि फ्रँचायझीत ६८९ कप जायला हवेत. फरक दोनशे कपांचा. सकाळी सात ते रात्री नऊ दुकान उघडे राहिले, तर नावामुळे तासाला चौदा-पंधरा जास्तीची गिऱ्हाइके यायला हवीत, आणि तीही पाच वर्षे रोज. नाव किती प्रसिद्ध आहे, यापेक्षा ते या जागी रोज दोनशे कप खेचते का, एवढेच तपासायचे असते.

अर्थात नावाचा एक खरा फायदा या हिशोबात अजून धरलेला नाही. तो म्हणजे वेळ. समजा, स्वतःच्या दुकानात पहिल्या महिन्यात रोज २०० कप जातात आणि दर महिन्याला २५ कपांची भर पडते. पहिले सहा महिने मिळून साधारण ८४,००० रुपये पदरचे घालावे लागतात. सातव्या महिन्यापासून दुकान सुटू लागते. तरी वर्षाअखेरीस जमा-खर्च जेमतेम जुळतो, म्हणजे मालकाने वर्षभर फुकट राबल्यासारखे होते. फ्रँचायझीत पहिल्या दिवसापासून खरोखर ६८९ कप गेले, तर त्याच वर्षात साडेतीन लाखांच्या आसपास हाती येतात. पहिल्या वर्षाचा सामना नाव जिंकते.

पुढची वर्षे मात्र वेगळी असतात. स्वतःचे दुकान दुसऱ्या वर्षी ६०० कपांवर स्थिरावले, तर महिन्याला ५२,८०० रुपये सुटतात. फ्रँचायझीत ६८९ कपांवरही ३०,००० च. पहिल्या वर्षाची पिछाडी मग सव्वा वर्षात भरून निघते आणि उरलेल्या मुदतीत अंतर वाढतच जाते. दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे: स्वतःचे दुकान २५० कपांवर अडकून बसते आणि महिन्याला साडेसोळा हजारांचा खड्डा पडत राहतो. ज्याच्याजवळ किमान सात-आठ महिने असा तोटा सोसण्याइतकी गंगाजळी नाही, त्याचे चांगले चाललेले दुकानही वर चढण्याआधी बंद पडू शकते. नवशिक्याला नाव सुरक्षित वाटते ते यामुळेच, आणि ही भीती काही खोटी नाही.

हे आकडे जागेप्रमाणे फिरतात. गिऱ्हाईक अनोळखी असेल तिथे नावाला जास्त किंमत येते. महामार्गावरचा थांबा, मॉल, मोठे रेल्वे स्थानक, तीर्थक्षेत्राचा वाहनतळ, अशा ठिकाणी येणारा माणूस त्या दुकानात बहुधा पहिल्यांदाच आणि शेवटचाच येतो. चहा चांगला निघेल की नाही हे त्याला कळायला दुसरा मार्ग नसतो, म्हणून तो ओळखीची पाटी शोधतो. उलट तहसील कार्यालयासमोर, बँकेच्या शेजारी किंवा बाजार समितीच्या दारात तीच तीनशे माणसे रोज येतात. पंधरा दिवसांत त्यांना चहाची चव, कपाचे माप आणि मालकाचा स्वभाव कळलेला असतो. त्यानंतर ती पाटीकडे पाहत नाहीत. तरी रॉयल्टी मात्र साठाव्या महिन्यापर्यंत पहिल्याच दराने द्यावी लागते. रोजच्या गिऱ्हाइकाच्या जागी नाव विकत घेणे हा बहुतेक वेळा महागडा सौदा ठरतो.

कंपनीचा माणूस दिवसाला हजार कपांचा आकडा सांगतो, तेव्हा तो पडताळण्याची एक साधी युक्ती आहे. पावडर कंपनीकडून येते, पण दूध स्थानिकच असते. कपाला ५० मिलिलिटर धरले तर एका लिटरमध्ये वीस कप होतात. हजार कपांना रोज पन्नास लिटर दूध लागेल. ज्या दुकानाचा दाखला दिला जातो, तिथे सकाळी दूध उतरताना क्रेट मोजले की आकडा समजतो. दाखल्याचे दुकान वर्षाहून जुने निवडावे. उद्‍घाटनानंतरचे दोन-तीन महिने नवलाईचे असतात, 'एकावर एक मोफत'चीही भर असते, आणि त्या गर्दीवरून काहीच ठरवता येत नाही.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७९ पासूनच्या नियमानुसार फ्रँचायझी विकणाऱ्याला करार करण्याच्या किमान चौदा दिवस आधी तेवीस कलमी माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात कंपनीवरचे खटले, सर्व शुल्के, गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद पडली, किती हस्तांतरित झाली, आणि सोडून गेलेल्यांचे संपर्कसुद्धा असतात. इथे तशी सक्ती नसल्याने हीच माहिती घेणाऱ्याने स्वतः आणि लेखी मागायची असते. बंद पडलेल्या दुकानांची यादी द्यायला कंपनी नाखूश असेल, तर तोही एक उत्तराचाच प्रकार. चालू दुकानदारांपेक्षा सोडून गेलेला दुकानदार जास्त मोकळेपणाने बोलतो. चालू दुकानदाराला स्वतःचे दुकान दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे असण्याचीही शक्यता असते.

कंपनीचे उत्पन्न कशातून येते, हे त्या माहितीवरून ओळखावे. रॉयल्टी विक्रीवर असेल तर दुकान चालण्यात कंपनीचाही स्वार्थ असतो. 'रॉयल्टी शून्य' ही जाहिरात आकर्षक वाटते, पण कंपनी धर्मादाय नसते. तिचा पैसा मग प्रवेश शुल्कात किंवा मिश्रणाच्या भावात असतो. मिश्रणावर नफा असेल तर निदान ते खपावे असे कंपनीला वाटते. त्या वेळी करारात भाववाढीची मर्यादा लिहून घ्यावी, नाहीतर वर्षभरात किलोमागचा दर वाढतो आणि कपाची किंमत ठरवण्याचा हक्क कंपनीकडेच असल्याने दुकानदार दोन्हीकडून चेपला जातो. उत्पन्न मुख्यतः प्रवेश शुल्कातून येत असेल, तर नवे दुकान उघडले की कंपनीचे काम संपले. अशी कंपनी त्याच रस्त्यावर दुसरा परवाना विकायला कचरत नाही.

म्हणूनच क्षेत्राचे कलम नीट वाचावे लागते. 'एक किलोमीटरच्या परिसरात दुसरे दुकान देणार नाही' हे वाक्य पुरेसे नसते. अंतर हवाई की रस्त्याचे, कंपनीचे स्वतःचे दुकान त्यात धरले आहे का, बसस्थानकातला छोटा ठेला किंवा घरपोच विक्रीचे स्वयंपाकघर त्यात मोडते का, आणि कलम मोडले तर भरपाई काय, हे चारही मुद्दे लिहिलेले हवेत. दुसरी नेहमीची चूक मुदतीची असते. फ्रँचायझीचा करार पाच वर्षांचा, पण गाळ्याचा लीव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा. दुकान चालू लागल्याचे दिसताच गाळेमालक भाडे वाढवतो, आणि दुसरीकडे हलायचे तर सजावटीचा खर्च पुन्हा करावा लागतो. दोन्ही करारांची मुदत आधीच जुळवून घ्यावी.

काही कंपन्या 'तुम्ही फक्त पैसे गुंतवा, दुकान आम्ही चालवू, महिन्याला ठरावीक परतावा देऊ' असेही सांगतात. यात दुकानदार दुकानदार राहतच नाही. तो कंपनीला विनातारण कर्ज देणारा सावकार होतो. हप्ते थांबले की त्याच्या हातात धंद्याची माहितीही नसते आणि वसुलीचे साधनही नसते. निवृत्तीची पुंजी असलेल्यांनी या प्रकारापासून लांब राहिलेले बरे.

नाव विकत घेण्याआधी ते कंपनीच्या मालकीचे आहे का, हेही पाहावे. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार नोंदलेल्या चिन्हांचा शोध ipindia.gov.in वर कोणालाही घेता येतो. चहा, पावडर, मसाला वर्ग ३० मध्ये येतात आणि उपाहारगृहाची सेवा वर्ग ४३ मध्ये. तिथे नावापुढे Registered लिहिलेले असेल तर ठीक. Objected किंवा Opposed असेल तर कंपनी जे विकते आहे, त्यावर तिचाच हक्क अजून पक्का नाही. उद्या न्यायालयाने ते नाव वापरायला मनाई केली, तर सगळ्या परवानाधारकांच्या पाट्या उतरतील.

स्वतःचा ब्रँड करणाऱ्यालाही हीच वाट चालावी लागते, फक्त उलट दिशेने. नाव निवडताना देवाचे, गावाचे किंवा 'अमृततुल्य'सारखे सर्वांचे झालेले नाव घेतले, तर त्यावर एकट्याचा हक्क सहसा सांगता येत नाही आणि शेजारच्याने तेच लावले तर अडवता येत नाही. वेगळे नाव सापडले की व्यक्तीच्या किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क लागते. अर्ज जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात आणि नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातले R हे चिन्ह लावू नये. ते बेकायदेशीर ठरते. अर्ज पाटी रंगवण्याआधी करावा. दुकान चालू लागल्यावर नाव बदलायचे म्हणजे वर्षभराची ओळख पुसायची.

मात्र नोंदणीने ब्रँड होत नाही. ब्रँड म्हणून जे विकले जाते ते चहाचे एकसारखेपण असते, आणि फ्रँचायझी कंपनीने तेवढे काम तरी केलेले असते. घरचा मालक हाताच्या अंदाजाने चहा टाकतो. तो दोन दिवस लग्नाला गेला की नोकराच्या हातचा चहा वेगळा लागतो आणि गिऱ्हाईक कुरकुरते. उपाय साधा पण कंटाळवाणा आहे. दहा लिटर आधणाला पावडर, साखर, मसाला किती ग्रॅम, दूध किती आणि कोणत्या उकळीला, किती मिनिटांनी गाळायचे, हे वजनकाट्यावर ठरवून भिंतीवर लिहायचे. मसाला आठवड्याचा एकदम कुटून पुड्या बांधायच्या. दुधाचा पुरवठादार बदलला की फॅटप्रमाणे प्रमाण पुन्हा ठरवायचे. मालक आठवडाभर नसताना दूध आणि कप यांचा मेळ बसला, चवीची तक्रार आली नाही आणि गल्ला जुळला, तर ते दुकान दुसऱ्या जागी उभे करता येण्याजोगे झाले. तोवर ते एका माणसाच्या हाताची करामतच असते. आज साखळी झालेली नावेही अशीच सुरू झाली. वडापावची 'जम्बोकिंग' साखळी २००१ मध्ये मालाड स्थानकाबाहेरच्या एका दुकानापासून वाढली.

या दोहोंच्या मधलाही एक प्रकार आहे. गिऱ्हाईक ज्या वस्तू नाव घेऊन मागते, त्या वस्तूंची विक्री आपल्या दुकानात ठेवायची. अमूलच्या पार्लरला रॉयल्टी नसते. दुकानदाराला मालावर कमिशन मिळते, दुधाच्या पिशवीवर अडीच टक्क्यांच्या आसपास, तर आइस्क्रीमवर वीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे दूध गर्दी आणते आणि नफा आइस्क्रीम देते. चहाच्या दुकानदाराला अशा बंद पाकिटातल्या मालाचा आधार घेता येतो आणि ताजा चहा मात्र स्वतःच्या नावाने विकता येतो. पहिल्या सहा महिन्यांतला तोटा त्याने थोडा सौम्य होतो, संपत नाही.

राहिला प्रश्न बाहेर पडण्याचा. करार चालू असताना दुकानदाराने दुसरा चहा विकू नये, ही अट न्यायालये मान्य करतात. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने करारकाळातले असे बंधन भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ च्या आड येत नाही असे ठरवले. करार संपल्यानंतर मात्र 'तीन वर्षे चहाचा धंदाच करू नये' असे कलम त्याच कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. म्हणजे माणूस त्याच गाळ्यात चहा विकू शकतो, पण पाटी, रंगसंगती आणि मिश्रण सोडून, आणि गिऱ्हाइकाला नव्याने ओळख करून देत. वाद लवादाकडे जाणार असेल आणि त्याची जागा कंपनीच्या शहरात असेल, तर अनामत परत मिळवायला लागणारा प्रवासखर्चच कधी कधी अनामतीएवढा होतो. ही जागा सहीआधी बदलून घेता येते, नंतर नाही. दुकान विकायचे झाले तर फ्रँचायझीधारकाला कंपनीची परवानगी आणि बहुधा हस्तांतर शुल्क लागते, आणि विकायला त्याच्याजवळ जुने फर्निचर व उरलेले महिने एवढेच असते. स्वतःच्या नोंदलेल्या नावाचा मालक मात्र नाव, प्रमाणपत्रक आणि चालता गल्ला एकत्र विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो किंवा पुढे स्वतःच परवाने देऊ लागतो.